शंकू + वृत्तचिती + अर्धगोल: उत्तर ७७० की ९२७.१४?

चौकस

सोबत स्वाध्यायाच्या पानाचा फोटो जोडला आहे. महत्त्वमापनातलं नेहमीचं गणित आहे. वर शंकू, मध्ये वृत्तचिती, खाली अर्धगोल, असा एकच भरीव ठोकळा. आकृतीवर तीनच मापं दिसतात. वृत्तचितीच्या आडव्या रेषेवर १० सेमी, शंकूच्या बाजूला १३ सेमी आणि उजवीकडे टोकापासून तळापर्यंतच्या उभ्या बाणावर ३० सेमी. पृष्ठफळ आणि घनफळ काढायचं आहे. पानाच्या तळाशी पृष्ठफळाचं उत्तर ७७० चौसेमी छापलंय, घनफळाचं उत्तर फोटोत कापलं गेलंय.

दोन मुलांनी मला पृष्ठफळाची उत्तरं पाठवली, पायऱ्या कोणीच लिहिलेल्या नाहीत. एकाचं उत्तर ९२७.१४, दुसरीचं ७७०. दुसरीचं छापील उत्तराशी जुळतं, म्हणून ते सोडून दिलं. पहिल्याचं नेमकं कुठे चुकलं असेल? फरक १५७.१४ चा आहे, म्हणजे हिशेबातली किरकोळ चूक नाही वाटत.

अवनी

सांध्यावरची वर्तुळं धरली असणार. शंकू आणि वृत्तचिती चिकटतात तिथे एक वर्तुळ, वृत्तचिती आणि अर्धगोल चिकटतात तिथे दुसरं. त्रिज्या ५, म्हणजे एका वर्तुळाचं क्षेत्रफळ ७८.५७ आणि दोघांचं १५७.१४. तुमचा फरक तंतोतंत तेवढाच आहे. तिन्ही आकारांची एकूण पृष्ठफळं मिळवायची आणि त्यातून दोन सांध्यांची दोन वर्तुळं वजा करायची, ते वजा करायचं त्याने विसरलं.

खडूफळा

अवनी, फरकाला वर्तुळाच्या क्षेत्रफळाने भागून बघायचं हे फार चांगलं केलंत, पण वर्तुळांची मोजणी पुन्हा करा. प्रत्येक सांध्यावर दोन वर्तुळं झाकली जातात, एक वरच्या आकाराचं आणि एक खालच्याचं. दोन सांधे म्हणजे चार वर्तुळं.

आकड्यांत बघू. तिरकस उंची १३ आणि त्रिज्या ५, म्हणून शंकूची लंब उंची १२. एकूण ३० मधून शंकूचे १२ आणि अर्धगोलाचे ५ गेले, वृत्तचितीला १३ उरले. आता तिन्हींची एकूण पृष्ठफळं मांडा. शंकूचं ९०π, वृत्तचितीचं १८०π, अर्धगोलाचं ७५π. बेरीज ३४५π, म्हणजे १०८४.२९. बरोबर उत्तर २४५π. मधला फरक १००π, आणि एक वर्तुळ २५π, म्हणून चार.

म्हणजे मुलगा वजा करायलाच विसरला असता तर १०८४.२९ आलं असतं. ९२७.१४ म्हणजे २९५π. ते तुमच्या रीतीने दोनच वर्तुळं वजा केली तर येतं.

मी स्वतः एकूण पृष्ठफळाच्या वाटेला जातच नाही. बोट ठोकळ्यावरून टोकापासून तळापर्यंत फिरवायचं आणि बोटाला जे लागतं तेवढंच लिहायचं: शंकूचं वक्रपृष्ठ, वृत्तचितीचं वक्रपृष्ठ, अर्धगोलाचं वक्रपृष्ठ. ५π(१३ + २६ + १०), म्हणजे ५π × ४९. सातने ४९ ला भाग जातो आणि ५ × २२ × ७ = ७७० सरळ पडतं. गणित करणाऱ्याने हे ४९ मुद्दाम जुळवलंय. त्यामुळे इथे π साठी २२/७ च अपेक्षित आहे. ३.१४ घेतलं तर ७६९.३० येईल, तेही चुकीचं म्हणता येणार नाही.

अवनी

मान्य, प्रत्येक सांध्याला दोन. पण मग निष्कर्ष तोच ना? त्याने दोन वजा केली, दोन राहिली.

शून्यापासून

थांबा, आधी आकृतीच नीट वाचायला हवी. फोटो मोठा करून पाहिला. १३ हा आकडा शंकूच्या कडेजवळ आहे खरा, पण पान शिवणीकडे वळल्यामुळे शंकू एका बाजूला झुकलेला दिसतो. तो आकडा लंब उंचीचा नाही कशावरून? तसं असेल तर शंकू १३, अर्धगोल ५, वृत्तचिती १२. तिरकस उंची √१९४, म्हणजे सुमारे १३.९३.

खडूफळा

शंका रास्त आहे. उत्तर फोटोतूनच काढता येतं, दोन पद्धतींनी.

पहिली, मापाची रेषा बघा. उजवीकडच्या ३० च्या बाणाला दोन्ही टोकांशी आडव्या बारीक रेघा आहेत, एक शंकूच्या टोकाला आणि एक अर्धगोलाच्या तळाला. लंब उंची दाखवायची असती तर १३ लाही तशाच आडव्या रेघा असत्या, नाहीतर शंकूच्या आत तुटक उभी रेघ आणि पायाशी काटकोनाची खूण असती. इथे १३ ची रेघ शंकूच्या कडेला समांतर चालते. पान वाकलं तर कड आणि ती रेघ दोन्ही सारख्याच झुकतात, त्यांचं समांतर असणं मोडत नाही.

दुसरी, छापील उत्तर. लंब उंची १३ धरून पृष्ठफळ काढलं तर ५π(१३.९३ + २४ + १०), साधारण ७५३ येतं. ७७० येत नाही. म्हणजे १३ तिरकसच.

फोटोवर पट्टी ठेवून गुणोत्तर काढायचा मोह मात्र टाळा. कॅमेरा तिरका धरला की वरची लांबी आणि खालची लांबी वेगवेगळ्या प्रमाणात आखडते.

रेघोटी

१० सेमी हा व्यास आहे हे कोणी तपासलं का? आकडा रेषेच्या बरोबर मध्यावर छापलाय. मुलं सर्रास तो त्रिज्या म्हणून घेतात.

खडूफळा

बाणाची दोन्ही टोकं वृत्तचितीच्या कडांना टेकलेली आहेत, म्हणून व्यास. त्रिज्येची रेघ मध्यबिंदूपासून निघाली असती. शिवाय त्रिज्या १० धरली तर शंकूची लंब उंची √६९ येते. अशा स्वाध्यायात वर्गमूळ सुटत नसेल तर आधी आपण काय वाचलं ते पुन्हा बघावं. ५, १२, १३ हे त्रिकूट समोर असताना दुसरं काही शोधायला नको.

पत्राकाम

माझं काम पत्र्याचं, म्हणून विचारतो. मला असाच एक हॉपर करायचाय, खाली शंकू, मध्ये नळकांडं, वर घुमट. यात पाणी किती मावेल हे या घनफळावरूनच कळेल ना? आणि शंकूचा पत्रा कापताना त्रिज्या १२ घ्यायची की १३?

खडूफळा

धाग्यातला ठोकळा भरीव आहे, तुमचा पोकळ. मावणारं पाणी काढायचं तर आतली मापं घ्या. व्यास आतून आतून, आणि उंचीही आतली. बाहेरच्या मापाने काढलं तर पत्र्याची जाडीही पाण्यात मोजली जाईल. पातळ पत्र्याला हा फरक थोडा पडतो, पण भांडं लहान असेल तर दुर्लक्ष करण्यासारखा राहत नाही.

पत्रा १३ नेच कापा. शंकू उलगडला की वर्तुळाची पाकळी मिळते. तिची त्रिज्या म्हणजे तिरकस उंची, आणि तिचा कमानीचा काठ म्हणजे पायाचा परीघ, १०π. पाकळीचा कोन ३६० × ५/१३, म्हणजे जवळजवळ १३८.५ अंश. १२ ची पाकळी घेऊन काठ १०π इतकाच ठेवलात तर वळल्यावर पाया बरोबर बसेल, पण शंकूची उंची १२ ऐवजी १०.९ च भरेल. एक सेमीहून जास्त बुटका. शिवाय जोडासाठी कडेला वाढीव पट्टी सोडावी लागते, ती या हिशेबात नाही.

पत्राकाम

समजलं. आणि घुमटाचा पत्रा?

खडूफळा

तो सपाट पत्र्यातून तसाच वळवता येत नाही. ठोकून किंवा दाबून काढावा लागतो, नाहीतर पाकळ्या जोडून. क्षेत्रफळ २πr² हे खरं, पण तेवढ्या क्षेत्रफळाचा पत्रा आणला म्हणून घुमट होत नाही. हे इथेच थांबवू, मूळ प्रश्न राहून जाईल.

भिंगातून

मूळ प्रश्नाकडेच येतो. ९२७.१४ म्हणजे दोन वर्तुळं उरली, असं सगळ्यांनी धरून चाललंय. मला ते पटत नाही. त्याच आकड्याला जाणारी दुसरी वाट आहे.

समजा मुलाने ३० मधून फक्त शंकूचे १२ वजा केले आणि वृत्तचिती १८ ची धरली. अर्धगोलालाही उंची असते, ती त्रिज्येइतकी, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. बाकी सगळं त्याने बरोबर केलं, सांध्यावरची एकही चकती धरली नाही. मग शंकू ६५π, वृत्तचिती २ × ५ × १८ = १८०π, अर्धगोल ५०π. बेरीज २९५π. पुन्हा ९२७.१४.

चुका पूर्ण वेगळ्या आणि उत्तर दशांशापर्यंत सारखं. आणि हा या आकड्यांचा योगायोग नाही. वृत्तचिती r ने जास्त उंच धरली की वक्रपृष्ठ २πr × r ने वाढतं. म्हणजे २πr². दोन चकत्याही २πr². त्रिज्या कितीही घ्या, दोन्ही चुका एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

अवनी

हे मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे फक्त पृष्ठफळावरून मुलाचं काय चुकलं हे कळणारच नाही?

भिंगातून

पृष्ठफळावरून नाही. घनफळावरून लगेच कळेल. चकत्यांना घनफळ नसतं. चकत्यांची चूक असेल तर त्याचं घनफळ बरोबर येईल. उंचीची चूक असेल तर घनफळही चुकेल.

बरोबर घनफळ असं: शंकू १००π, वृत्तचिती ३२५π, अर्धगोल २५०π/३. बेरीज १५२५π/३, २२/७ ने १५९७.६२ घसेमी. उंची १८ धरली तर १००π + ४५०π + २५०π/३, म्हणजे १९९०.४८. चौकस, दोघांची घनफळं मागवा. दोघांची म्हणतोय, फक्त पहिल्याचं नाही.

चौकस

मागवतो. पण दुसरीचं का? तिचं ७७० बरोबर आहे की.

भिंगातून

त्याच कारणाने. समजा तिने वृत्तचिती १८ ची धरली आणि अर्धगोल विसरलीच. म्हणजे शंकू ६५π आणि वृत्तचिती १८०π. बेरीज २४५π. ७७०!

एका बाजूने r उंचीचा पट्टा जास्त आला, दुसऱ्या बाजूने अर्धगोल गेला, आणि दोघांचं क्षेत्रफळ सारखं. छापील उत्तराशी जुळतं म्हणून पायऱ्या न बघता खूण केली तर ही चूक हाती लागणार नाही.

रेघोटी

बापरे. हे बघून मी कागदावर करून पाहिलं, खरंच जुळतं. पण असं का होतं? अर्धगोल वळलेला, पट्टा सरळ, आणि क्षेत्रफळ सारखं?

खडूफळा

हा आर्किमिडीजचा जुना निष्कर्ष आहे. गोलाभोवती घट्ट बसणारी वृत्तचिती घेतली तर तिचं वक्रपृष्ठ आणि गोलाचं पृष्ठ सारखं असतं, दोन्ही ४πr². अर्धं केलं की आपला प्रसंग.

कारण थोडक्यात. अर्धगोलाचे आडवे पातळ काप कल्पा. तळाकडे जाताना कापाचा घेर लहान होत जातो, पण पृष्ठभाग जास्त आडवा होत गेल्यामुळे त्याच उंचीच्या कापाची कड जास्त रुंद होते. घेर ज्या प्रमाणात घटतो त्याच प्रमाणात रुंदी वाढते. दोन्हींचा गुणाकार प्रत्येक कापासाठी वृत्तचितीच्या पट्ट्याइतकाच राहतो. घनफळाला हे लागू नाही, तिथे अर्धगोल वृत्तचितीच्या दोन तृतीयांशच भरतो. म्हणून घनफळ चूक उघडी पाडतं.

शून्यापासून

मग तिची रीत चुकीची का म्हणायची? अर्धगोलाऐवजी तेवढ्याच क्षेत्रफळाचा पट्टा घेतला, उत्तर बरोबर. उलट ही छोटी रीत झाली.

खडूफळा

तिने ते ओळीत लिहिलं असेल, की अर्धगोलाचं वक्रपृष्ठ r उंचीच्या वृत्तचितीइतकं म्हणून १८ घेते, तर पूर्ण गुण. लिहिलं नसेल तर तिने अर्धगोल पाहिलाच नाही असं समजावं लागेल.

शून्यापासून

हे पटलं नाही. उत्तर बरोबर आणि रीतही गणिती दृष्ट्या खरी, तर न लिहिल्याबद्दल सगळे गुण कापायचे? फार तर एक गुण कमी करा.

रेघोटी

सगळे कापू नका. पण शंकू + वृत्तचिती अशी दोनच पदं लिहिलेली असतील तर तिसऱ्या पदाचे गुण कशाबद्दल द्यायचे?

दोरा_सुई

मी वेगळंच म्हणतो. अर्धगोल खालच्या बाजूला फुगलेला आहे हे कोणी नीट पाहिलं का? फोटोत तळाशी एक कमान अखंड आणि एक तुटक आहे. तुटक कमान वरच्या बाजूला वळलेली दिसते. वृत्तचितीच्या तळातून अर्धगोल खोदून काढलेला असेल तर सगळं गणित बदलतं. तेव्हा ३० मध्ये फक्त शंकू आणि वृत्तचिती, म्हणजे वृत्तचिती खरोखरच १८ ची. पृष्ठफळ ६५π + १८०π + खोदलेल्या वाटीचं ५०π. पुन्हा तेच ९२७.१४! मग पहिला मुलगाच बरोबर.

खडूफळा

हा आकडा तिसऱ्या वाटेनेही निघाला. खोदलेल्या आकृतीसाठी ९२७.१४ हेच बरोबर उत्तर ठरेल, आणि घनफळ १००π + ४५०π − २५०π/३, म्हणजे १४६६.६७.

पण ही आकृती खोदलेली नाही. अखंड कमान कुठे आहे ते बघा. ती सर्वात खाली आहे, बाहेरून दिसणारी कड. ३० च्या बाणाची खालची रेघ तिलाच टेकते. तुम्ही म्हणता ती तुटक कमान वृत्तचिती आणि अर्धगोल यांच्या सांध्यावरच्या लंबवर्तुळाचा मागचा भाग आहे. लंबवर्तुळाचा पुढचा भाग अखंड आणि मागचा तुटक काढतात, म्हणून तुटक कमान वर वळलेली दिसते. तशीच एक शंकूच्या सांध्यावरही आहे. खोदलेली असती तर तुटक कमानीचा माथा वृत्तचितीच्या आत, त्रिज्येइतका वर गेला असता, आणि तळाची बाहेरची कड अर्धवर्तुळाऐवजी चपट्या लंबवर्तुळाची दिसली असती.

दोरा_सुई

दोन्ही तुटक कमानी सारख्याच चपट्या आहेत, हे आता पाहिलं. तरी फोटो इतका तिरका आहे की खालची कड अर्धवर्तुळ आहे की लंबवर्तुळ हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पान सपाट ठेवून वरून सरळ काढलेला फोटो मिळाला तर बरं.

भिंगातून

तोपर्यंत छापील ७७० आहेच. खोदलेल्या आकृतीला ७७० येत नाही. आणि प्रश्नात "खोदून काढला" किंवा "पोकळी" असं काही लिहिलेलं नाही, तो शब्द नसेल तर जोडलेलाच धरतात.

आकडेमोड

घनफळ तपासायची एक झटपट रीत सांगतो, आधीच्या कोणी लिहिली नाही. पूर्ण ठोकळ्याभोवती एकच वृत्तचिती कल्पा, त्रिज्या ५, उंची ३०. तिचं घनफळ ७५०π. आता कुठे किती जागा रिकामी राहते ते मोजा. शंकूच्या भोवती त्याच्या डब्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे ३००π पैकी २००π. अर्धगोलाभोवती एक तृतीयांश, १२५π पैकी ४१.६७π. वजा केलं की ५०८.३३π. तेच १५२५π/३. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला की निर्धास्त व्हायचं.

यावरून एक अंदाजही मिळतो. बरोबर घनफळ डब्याच्या दोन तृतीयांशापेक्षा किंचित जास्त. १९९०.४८ हे डब्याच्या ८४ टक्क्यांच्या वर जातं. इतकं भरायला शंकू फारच लहान लागेल, तेव्हाच संशय यावा.

रेघोटी

अंदाजाची ही रीत चालेल, पण ८४ टक्के बघून संशय येण्यासाठी आधी शंकूची उंची एकूण उंचीच्या ४० टक्के आहे हे डोळ्यांसमोर हवं. मुलांना ते सुचेल असं वाटत नाही.

आणि घनफळात π ची किंमत शेवटपर्यंत घालू नये, हेही सांगावं. तिन्ही घनफळं वेगवेगळी काढून प्रत्येक वेळी दोन दशांशांपर्यंत आखडलं की शेवटचा दशांश हलू शकतो. ३.१४ घेतलं तर १५९६.१७ येतं, २२/७ ने १५९७.६२. दीड घसेमीचा हा फरक π च्या किमतीचा आहे, चूक नाही. उत्तरपत्रिकेत एकाच गणितात पृष्ठफळाला २२/७ आणि घनफळाला ३.१४ असं मिसळू मात्र नये.

चौकस

घनफळं आली. पहिल्याचं १९९०.४८. दुसरीचं १७२८.५७.

भिंगातून

पहिल्याची उंचीचीच चूक. चकत्यांचा प्रश्नच नव्हता, त्याला सांध्यांवरून समजावत बसला असतात तर तो गोंधळला असता. त्याला एवढंच विचारा की ३० चा बाण खाली कुठे संपतो.

दुसरीचं १७२८.५७ म्हणजे ५५०π, शंकू १००π आणि वृत्तचिती ४५०π. अर्धगोल नाहीच. वृत्तचिती तळापर्यंत नेली आहे. पृष्ठफळ बरोबर आलं ते आर्किमिडीजमुळे.

अवनी

माझा चकत्यांचा अंदाज गेला. पण मग सपाट तळ? तिने अर्धगोल विसरून वृत्तचिती तळापर्यंत नेली, तर खालची चकती तिने धरायला हवी होती. ती धरली असती तर ६५π + १८०π + २५π = २७०π, ८४८.५७ आलं असतं. म्हणजे तिने दोन गोष्टी सोडल्या.

भिंगातून

अगदी. तळाची चकती न धरल्यामुळेच ७७० आलं. त्यावरून असंही म्हणता येईल की खाली सपाट तळ नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणजे अर्धगोल दिसला होता, फक्त त्याचं पद लिहायचं राहिलं. किंवा तिने नुसती वक्रपृष्ठं मिळवायची एवढंच पाठ केलं असेल. यातलं कोणतं, ते आकड्यांवरून नाही कळणार, तिलाच विचारावं लागेल.

शून्यापासून

मी अजून म्हणतो, पृष्ठफळाला पूर्ण गुण द्या. घनफळात तिची चूक पकडली गेलीच आहे. एकाच चुकीसाठी दोनदा गुण कशाला कापायचे?

खडूफळा

घनफळ त्याच पानावर विचारलं होतं म्हणून पकडली. फक्त पृष्ठफळाचा प्रश्न असता तर सुटली असती. एका मुद्द्यावर मात्र तुमच्याशी सहमत आहे, चूक एक असेल तर ती एकदाच मोजावी. कुठे मोजावी यावर आपलं जमत नाही.

आकडेमोड

मग प्रश्नच बदलू या. शंकूचा पाया वृत्तचितीपेक्षा रुंद करा. पायाची त्रिज्या ६, लंब उंची ८, तिरकस उंची १०. सांध्यावर खालून दिसणारी कडी उघडी राहते, तिचं क्षेत्रफळ ३६π − २५π = ११π. आता बोट फिरवताना ती कडीही लागते. चुका वेगळ्या पडतील.

भिंगातून

कडी चांगली आहे, वेगळं काही तपासते. पण ही चूक सुटेलच. वृत्तचिती १७ ची होईल, पृष्ठफळ ६०π + ११π + १७०π + ५०π = २९१π. अर्धगोल विसरून वृत्तचिती २२ ची धरली तर ६०π + ११π + २२०π. पुन्हा २९१π. वृत्तचिती आणि अर्धगोल यांची त्रिज्या सारखी आहे तोवर हे टळत नाही. वरच्या टोकाला काहीही बदला, फरक पडणार नाही.

रेघोटी

मग अर्धगोलच लहान घ्या, त्रिज्या ३, तळाच्या मध्यावर जोडलेला. तेव्हा भोवतीची कडी २५π − ९π = १६π उघडी राहील, आणि अर्धगोलाचं पद १८π. अर्धगोल विसरून वृत्तचिती ३ ने वाढवली तर ३०π जास्त येतात, पण कडी आणि अर्धगोल मिळून ३४π जातात. ४π चा फरक राहतो.

भिंगातून

हे जमलं. आणि तळाची पूर्ण चकती धरली तर तोही आकडा वेगळा पडतो: अर्धगोल विसरून वृत्तचिती ३ ने वाढवली आणि तळाला २५π ची चकती धरली तर ३०π + २५π येतात आणि ३४π जातात, म्हणजे २१π जास्त. दोन चुकांची दोन वेगळी उत्तरं. फक्त आकृतीत लहान अर्धगोल स्पष्ट काढा, फोटोत कडी आणि सांध्याचं लंबवर्तुळ एकमेकांत मिसळतील.

चौकस

हाच घेतो. शंकू जुनाच, पाया ५, तिरकस उंची १३, अर्धगोलाची त्रिज्या ३, एकूण उंची ३०. वृत्तचिती १५ ची होते. पृष्ठफळ ६५π + १५०π + १६π + १८π = २४९π, घनफळ १००π + ३७५π + १८π = ४९३π. कोणी पडताळून पाहील का? ४९ सारखं सोयीचं काही यात नाही, म्हणून उत्तर π मध्येच ठेवायला सांगणार आहे.

आकडेमोड

पडताळलं, दोन्ही बरोबर. डब्याच्या रीतीने घनफळ: ७५०π मधून शंकूभोवतीचे २००π, आणि खालच्या ३ सेमीच्या थरातले ७५π पैकी अर्धगोलाचे १८π सोडून ५७π. उरले ४९३π.